कानानं भाजलेला रवा

नरसीच्या वाटेवरच्या त्या लहानशा गावात माघ महिन्यात सप्ताह बसायचा. सात दिवस देवळात वीणा खाली ठेवायची नाही, टाळ थांबवायचे नाहीत, आणि रोज सकाळी एका घरानं सगळ्या भजनकऱ्यांना न्याहारी द्यायची, अशी रीत होती. सहा दिवसांच्या न्याहाऱ्या आळीपाळीनं फिरायच्या. पहिल्या दिवसाची मात्र फिरत नसे. तो मान ग्यानबाच्या घराचा. खरं म्हणजे ग्यानबाचा नव्हे, त्याच्या बायकोचा, नर्मदाबाईचा. आणि तिचाही नव्हे म्हणा, तिच्या उपम्याचा.

त्या काळी त्या भागात उपमा हे नावसुद्धा फार कोणाला ठाऊक नव्हतं. लोक सांजा करीत. सांजा म्हणजे रवा, पाणी, तिखट, मीठ आणि गुठळ्या. गुठळ्यांबद्दल कोणाची तक्रार नसे. वांग्याला जसे काटे तशा सांज्याला गुठळ्या. पण नर्मदाबाईनं उपमा गावात आणला आणि लोकांची जीभ बिघडवून ठेवली.

तो तिनं आणला हिंगोलीहून. ग्यानबा एकदा कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर गेला, नर्मदाबाई बरोबर होती, आणि बैलाच्या खुरात खिळा गेला. बैल चालेपर्यंत नवरा-बायको स्टेशनाजवळ झाडाखाली राहिले. शेजारी रेल्वेतल्या एका तेलंगी माणसाची खोली होती. त्याच्या बायकोनं सकाळी पळसाच्या पानावर गरम उपमा आणून दिला. दाणा न् दाणा सुटा, आणि तरीही मऊ. नर्मदाबाईनं दुसऱ्या दिवशी पदर खोचला आणि सरळ तिच्या चुलीपाशी जाऊन बसली.

"तिची बोली मला येईना, माझी तिला येईना," ती दर वर्षी सांगायची. "ती भाजून राहिली, मी बघून राहिले. मग एकदम ती गप झाली. मी म्हनलं, काय झालं वं? तर तिनं नुसता कानाला हात लावला. आन् मग पानी ओतलं."

हे ऐकताना ऐकणाऱ्या बायकासुद्धा आपापल्या कानाला हात लावायच्या. देवाचं नाव घेताना, गुरूचं नाव घेताना कानाला हात लावायचा हे तिथं लेकरालाही ठाऊक होतं. तेव्हा कोणी काही विचारलं नाही, सगळ्यांना कळलं. पाणी ओतण्याआधी देवाचं नाव घ्यायचं. आणि नर्मदाबाई तसंच करायची. रवा भाजताना तिच्या तोंडाला उसंत नसे, गावातल्या सगळ्या चुलींची खबर तिच्या कढईत पडायची. पण पाणी ओतायच्या आधी ती गप व्हायची, डोळे मिटायची, क्षणभर तशीच राहायची, आणि म्हणायची, "ओत!"

ओतायचं काम तिच्या लेकीचं, जिवनाचं. तिला तांब्या उचलता येऊ लागला तेव्हापासून ते लग्न होऊन साखऱ्याला गेली तोवर, आणि लग्नानंतरही दर माघात सप्ताहाला माहेरी आली की. भाजायचं आईनं, घाटायचं आईनं, जिवनानं फक्त उकळतं पाणी बारीक धारेनं सोडायचं. धार कशी धरावी हे तिच्या मनगटाला झोपेतही आलं असतं. कधी धरावी हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. ते आईचं काम होतं.

आणि गेल्या श्रावणात आई गेली.

माघ आला तसा जिवनाच्या काकूचा, सखुबाईचा, निरोप साखऱ्याला आला की सप्ताहाला ये, पण न्याहारीची काळजी करू नको, मी आहे. जिवनानं निरोप ऐकला, लेकराला काखोटीला मारलं, आणि गाडी जुंपायला सांगितलं.

सखुबाई वाईट नव्हती. तिचं मन आभाळाएवढं आणि आवाज त्याहून मोठा. पण पंधरा-वीस वर्षं ती जावेच्या उपम्याची वाहवा शेजारच्या चुलीवरून ऐकत आली होती. घरी तिनं कितीदा तरी करून पाहिला होता. विठ्ठलाचं नाव घेऊन, रामाचं घेऊन, एकदा तर गावातल्या सगळ्या देवांची नावं ओळीनं घेऊन. गुठळ्या कोणत्याच देवाला भ्याल्या नव्हत्या.

"माझी भक्ती कमी पडून राहिली," ती म्हणायची. "पर मान घरातच ऱ्हायला पायजे. पोरगी परक्या घरची झाली. दर साली साखऱ्याहून कोन येऊन राहिलं?"

"मी येऊन राहिले," जिवना म्हणाली.

गोष्ट देवळाच्या पारावर संतरामबुवांपर्यंत गेली. सप्ताहाचा कारभार त्यांच्याकडे. त्यांच्या तोंडात दात एकही नव्हता, म्हणून उपम्याबद्दल त्यांचं मत गावात शेवटचं मानलं जाई. दात नसलेल्या माणसाला गुठळी आधी कळते. त्यांच्या शेजारी सटवाजी बसला होता. सटवाजी भजनात झांज वाजवायचा, पण त्याचं खरं काम न्याहारीच्या पंगतीत सुरू व्हायचं. ज्याच्या पत्रावळीत गुठळी निघेल त्यानं ती उचलून करणारणीच्या हातावर ठेवायची आणि नारळ मागायचा, अशी गमतीची चाल होती. बाकीच्या सहा दिवसांत सटवाजी घरी नारळ घेऊन जायचा. पहिल्या दिवशी त्याला कधीच काही मिळालं नव्हतं, आणि हे शल्य त्याच्या मनात होतं.

"करू द्या पोरीला," बुवा म्हणाले. "यंदा जिवनाबाईनं करावं. सुटा झाला तर मान नर्मदाबाईच्या नावानं चालू. गुठळी निघाली तर फुडल्या सालापासून सखुबाई."

"आन् नारळ?" सटवाजीनं विचारलं.

"नारळ तुला. तुझ्यावानी चिवट शोध्या दुसरा हाय कोन?"

जिवनानं मान डोलावली. पण आईचं नाव त्या कढईत होतं, आणि तिला फक्त धार धरता येत होती.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं लहान कढईत करून पाहायचं ठरवलं. रवा सखुबाईनं दिला. गहू ओलवून, कांडून, जात्यावर भरडून, चाळून; आदल्याच दिवशीचा, ताजा. बघायला शेजारच्या पाच-सात बायका जमल्या. पाण्याला फोडणी दिली: मोहरी, जिरं, हिरवी मिरची, शेंगदाणे, कढीपत्ता. कांदा नाही, सप्ताहात कांदा चालत नाही. मीठ टाकलं, पाणी उकळायला ठेवलं. दुसऱ्या चुलीवर करडईच्या तेलात रवा पडला. तिकडं जगात मोठी लढाई चालू होती, रॉकेल मिळेनासं झालं होतं, पण करडई शेतातली होती. तेलाला तोटा नव्हता.

रव्याचा वास सुटला. पाणी खळखळलं. आता आईसारखं करायचं. जिवनानं पाण्याचं पातेलं चुलीवरून उतरवून काकूच्या हाती दिलं, डोळे मिटले आणि विठ्ठलाचं नाव घेतलं.

"एकदा घेऊन भागत न्हाई," सखुबाई म्हणाली. "मनापासून घे."

"पहिलं गणपतीचं घ्यावं लागतं वं," एक बाई म्हणाली.

"कुळदैवत ऱ्हायलं!" दुसरी म्हणाली.

जिवनानं सगळ्यांची नावं घेतली. तोवर काकूच्या हातातलं पातेलं शांत झालं, कढईच्या बुडाशी रवा तांबूस पडला. मग पाणी पडलं. जिवनानं घाटायला घेतलं आणि उलथण्याखाली तिला एकेक गुठळी उमटताना कळली, वाटाण्याएवढी, मग बोराएवढी. एक फोडली तर आतून कोरडा रवा भसकन बाहेर आला.

 सखुबाईनं एक गुठळी उचलून तोंडात टाकली.

"चवीला बराबर हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, आणि म्हणूनच जिवनाला जास्त वाईट वाटलं. "माझ्यावानीच झाला."

बायका आपापल्या घरी गेल्या. जिवना चुलीपाशीच बसून राहिली. तेवढ्यात मागच्या दारानं कढई आली. कढई एवढी मोठी होती की मागचं माणूस दिसत नव्हतं. ती खाली टेकली तेव्हा तिच्यामागं फातिमाबी निघाली.

फातिमाबी म्हणजे दस्तगीर कल्हईवाल्याची बायको. लग्नाकार्याची भांडी त्यांच्याकडून यायची, आणि नर्मदाबाईचा उपमा वर्षानुवर्षं याच लोखंडी कढईत झाला होता. दोघी मैत्रिणी. एक बोलायला लागली की दुसरी ऐकत नसे, दोघी एकाच वेळी बोलत, आणि तरीही दोघींना सगळं कळे.

"दस्तगीरनं घासून दिली बेटी. म्हनला, नर्मदाआपाची कढई हाय, चेहरा दिसला पायजे." मग तिची नजर लहान कढईत गेली. "या अल्ला! हे काय, उपमा हाय का गोट्या?"

जिवनाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिनं सगळं सांगितलं. नाव कोणतं कमी पडलं तेवढं कळत नाही, म्हणाली.

"कायचं नाव?"

"पानी ओतायच्या आधी माय गप होऊन नाव घ्यायची न्हाई का?"

फातिमाबीनं पान तोंडात सरकवलं आणि विचारात पडली. "गप तर व्हायची. शबे-बरातला माझ्या घरी हलव्याचा रवा भाजू लागायला यायची, तवाबी व्हायची. मी बोलून राहिले तर माझ्याच तोंडावर हात ठेवायची! माझ्या चुलीपाशी कोनाचं नाव घेत व्हती ती? तुमच्या देवाचं का आमच्या?"

"दोघांचंबी घेत आसंल."

"आसंल. पर मला तर म्हनायची, गप बस फातिमा, ऐकू येत न्हाई."

जिवनाचा पदर डोळ्यापर्यंत गेला होता तो तिथंच थांबला.

"काय ऐकू येत न्हाई?"

"ते मी न्हाई इचारलं. मला बोलू देईना म्हनून राग आला व्हता."

जिवना उठली. तिला स्टेशनावरची ती तेलंगी बाई दिसली, जी तिनं कधी पाहिली नव्हती. आपली बोली समोरच्या बाईला येत नाही. सांगायचं तर आहे. मग ती काय करील? गप्प होईल, आणि कानाकडे बोट नेईल. ऐक!

आणि आईला ते तेव्हाच कळलं होतं. गावाला देव दिसला, आईनं दिसू दिला. एकदा जिवनानं विचारलं होतं की कोणाचं नाव घेतेस, तर ती हसून म्हणाली होती, "ज्याला जे घ्यायचं ते घेऊ दे. नावानं कवा कोनाचं वाईट झालं?" हे उत्तर नव्हतं. जिवनानं तेव्हा ते उत्तर म्हणून घेतलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "थोडा वेळ गप बसशील?"

"मी?" फातिमाबीनं छातीवर हात ठेवला. मग पदराचा बोळा तोंडाशी धरून पाटावर बसली. तिच्या आयुष्यातलं ते मोठं दान होतं.

जिवनानं दोन मुठी रवा घेतला. जाळ ओढून मंद केला. रवा तेलात पडला तेव्हा उलथण्याखाली तो भस-भस असा आवाज करत होता, ओल्या मातीसारखा. गव्हाची ओल अजून त्याच्यात होती. थोड्या वेळानं वास सुटला. हात थांबायला निघाला, पण कान म्हणाला, अजून नाही. वास कढईच्या बुडाचा होता. वरचा रवा अजून जडच होता, उलथण्याला बिलगत होता. ती हलवत राहिली. आवाज बदलत गेला. भस-भस कमी झाली. मग एकदम, जसं वाळूवर कोणी झाडू मारावा तसं, सर्र, सर्र. रवा उलथण्यावरून पाण्यासारखा घसरू लागला. शेजारच्या चुलीवर पाणीही कुजबुजायचं सोडून खळखळ ओरडत होतं. या खेपेला तिनं ते उतरवून ठेवलं नाही. चुलीवरून उचललं ते सरळ कढईवर आलं. एका हातानं धार, एका हातानं उलथणं. कढईनं मोठा फुत्कार टाकला, रवा फुलला, आणि उलथण्याला कुठंच अडखळ लागली नाही. झाकण ठेवलं, जाळ काढून घेतला.

झाकण काढलं तेव्हा फातिमाबीनं आधी बोटानं चाचपलं, मग घास घेतला आणि मग कुठं तोंडाचा बोळा काढल्याची तिला आठवण झाली.

"आता बोलू का?"

"बोल."

"हे तर आपाच करून गेली," फातिमाबी म्हणाली, आणि तिनं दुसरा घास घेतला.

सप्ताहाच्या सकाळी जिवना देवळापाशी आली तर सखुबाईनं मांडवाला लागूनच चुली मांडल्या होत्या. पाणी जवळ, पत्रावळी जवळ, वाढायला सोपं. आत वीणा उभी राहिली होती, पहिला पहारा ग्यानबाचा. टाळ झडत होते, मृदंग घुमत होता, सटवाजीची झांज तर कढईतच वाजतेय असं वाटत होतं. जिवनानं उलथणं हातात घेतलं, कढईवर आपटलं, आणि तिला त्याचासुद्धा आवाज आला नाही.

आणि तेव्हा तिला आणखी एक गोष्ट कळली. आई दर वर्षी घरामागच्या खळ्यावर चूल मांडायची. लोक म्हणायचे, दृष्ट लागू नये म्हणून.

"काकू, चुली खळ्यावर न्यायच्या."

"आता?" सखुबाईचा आवाज मृदंगावरून ऐकू गेला. "येडी का खुळी तू? हितं देवाच्या कानावर पडंल समदं!"

"देवाच्या पडंल. माझ्या न्हाई पडत."

टाळ थांबवा म्हणणं शक्य नव्हतं. सात दिवस ते थांबत नसतात. मग कढई हलली. दस्तगीर आणि आणखी एक गडी कढईचे कान धरून चालले, मागून पातेली, रव्याची परात, सरपण, आणि सर्वांत मागून सखुबाई, चालता चालता बोलत. गावाला वाटलं ही सप्ताहाची नवीनच मिरवणूक निघाली. दोन पोरांनी कढईपुढं उड्याही मारल्या.

खळ्यावर शांत होतं. लांबून टाळ ऐकू येत होते, पण आता ते लांबून येत होते. दोन चुली अगदी लगत लावल्या. पाण्याला फोडणी पडली. मोठ्या कढईत तेल तापलं आणि परातभर रवा हळूहळू आत गेला. ताजाच रवा, ओल असलेला. जिवनानं जाळ मोठा होऊ दिला नाही.

सखुबाई पाण्याच्या पातेल्यापाशी, हातात मोठा तांब्या. ओतायचं काम तिचं. जिवनानंच सांगितलं होतं, घरात धार तुमच्याइतकी भरवशाची कोणाची नाही, आणि ती खुश झाली होती.

थोड्या वेळानं वास दरवळला.

"सुटला वास! ओतू?"

"थांबा."

"लाल व्हईल गं."

"जाळ ओढा थोडा. थांबा."

भजनकऱ्यांची पहिली तुकडी पंगतीला बसायला निघाल्याची खबर घेऊन एक पोरगं आलं. सटवाजी सगळ्यात पुढं होता म्हणे, बाह्या सारून. सखुबाईचा जीव खालीवर झाला.

"जिवने, लोक येऊन राहिले. नाव घे आन् मोकळी हो! का इसरलीस? मी घेऊ का?"

"काकू," जिवना म्हणाली, "घ्या. पर मनात घ्या."

सखुबाईचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं. फातिमाबी कोपऱ्यात पत्रावळी मोजायचं सोडून तोंडाशी पदर धरून उभी होती, शहाण्या विद्यार्थ्यासारखी. खळ्यावर कोणी बोलेना. एक शेरडू मात्र में करायला निघालं, त्याच्या तोंडात दस्तगीरनं कडबा कोंबला.

जिवनानं डोळे मिटले.

भस-भस होती. थोडी कमी. कडेनं कोरडा आवाज, मधोमध ओला. तिनं मधला रवा कडेला ओढला, कडेचा मधे. अजून नाही. तिच्या कपाळावरचा घाम नाकावर आला, तो पुसायला हात मोकळा नव्हता. लांबून टाळ. जवळून पाणी, खळखळ, खळखळ. आणि मग, एवढ्या मोठ्या कढईच्या मधोमधून, सर्र. पुन्हा सर्र. उलथणं हलकं झालं, जसं कोणी पलीकडून हात लावला.

"ओत!"

सखुबाई दचकली. काकूला कोणी एकेरीत हुकूम देत नाही. पण ती रागावली म्हणून दचकली नाही. तिचा हात आपोआप गेला, धार आपोआप पडली, बारीक, अखंड. "नर्मदीच बोलली की गं," ती पुटपुटली, आणि तांब्यामागून तांब्या ओतत राहिली. कढई गरजली, वाफेनं दोघींची तोंडं दिसेनाशी झाली. जिवना घाटत होती, तळातून वर, तळातून वर. पाणी पिऊन रवा जड झाला, कढईच्या कडा सोडू लागला. "बास!" चिमूटभर गूळ गेला. जाळ ओढून काढला, वर परात झाकली, परातीवर थोडे निखारे ठेवले, आणि दोघी तिथंच जमिनीवर बसल्या.

परात काढली तेव्हा कोथिंबीर पडली आणि उलथण्यानं उपमा मोकळा केला. रवाळ, पांढरा, दाणा न् दाणा.

कढई मांडवात गेली, पंगत बसली. वाढणं झालं. बुवांनी पहिला घास घेतला, हिरड्यांवर फिरवला, आणि डोळे मिटून पुन्हा फिरवला. सटवाजी तर खाईचना. तो पत्रावळीवर उपमा बोटानं पसरत होता, रांगोळी घातल्यासारखा. एकदम त्याचा हात वर गेला.

"घावली!"

पंगत थांबली. सखुबाईनं कपाळावर हात मारून घेतला.  सटवाजी चिमटीत काहीतरी धरून आला, ऐटीनं, आणि त्यानं ते जिवनाच्या तळहातावर ठेवलं.

तिनं दाबलं. कडक होतं. सोललं. आतून अख्खा शेंगदाणा निघाला.

"सटवाजीराव," फातिमाबी बायकांच्या घोळक्यातून म्हणाली, "ही गुठळी जमिनीखाली येती. नांगरून बघा, लई घावतील."

पंगतीत असा हशा उठला की देवळातला मृदंग क्षणभर चुकला. सटवाजी परत जाऊन बसला, आणि शोधायचं काम पूर्ण व्हायलाच पाहिजे म्हणून त्यानं पुन्हा उपमा वाढून घेतला. मग पुन्हा एकदा. शेवटी तो म्हणाला की पोटात गेल्यावर शोधता येत नाही, तेव्हा हरलो.

"मान जिथल्या तिथं," बुवा म्हणाले. "दात आसते तर म्हनलो आसतो, दातानं चावायला काही न्हाई ह्याच्यात."

भांडी घासायला बसल्यावर सखुबाई जवळ सरकली. तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"आता तरी सांग. कोनाचं नाव घेतलंस?"

जिवनानं राखेचा हात थांबवला. आई हसून टाळायची. तिच्याही ओठावर ते हसू आलं होतं. पण या बाईनं कितीतरी वर्षं देवांची नावं ओळीनं घेतली होती, आणि आज तिची धार तुटली नव्हती.

"कोनाचंच न्हाई, काकू. माय ऐकायची. रवा ओला आसला तर भसभसतो, कोरडा झाला की सर्रसर्र करतो. तवा ओतायचं, उकळतं असतानाच. तुमी नाव घेईपर्यंत पानी निवायचं, त्यानं गाठी व्हायच्या."

सखुबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"म्हंजे नावानंच गाठी व्हत व्हत्या?"

"थांबल्यानं."

"आन् एवढ्या सालांचं माझं नाव घेनं फुकट गेलं?"

"फुकट काहून जाईल? उपम्याला न्हाई लागलं, तुमाला लागलं आसंल."

सखुबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं, आणि मग तिला हसू फुटलं. ती हसली तशी पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकलं. "नर्मदे, नर्मदे," ती आभाळाकडं बघून म्हणाली, "एवढी सालं जावेला बावळट केलंस गं!"

"फुडल्या साली तुमी भाजा," जिवना म्हणाली. "मी येईन ओतायला."

"मला ऐकू यील?"

"गप ऱ्हायलात तर."

"हे मातर अवघड हाय," सखुबाई प्रामाणिकपणे म्हणाली.

ग्यानबाचा पहारा संपला तेव्हा ऊन वर आलं होतं. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन तो खळ्यावर आला. जिवनानं त्याच्यापुरता उपमा झाकून ठेवला होता. तो मांडी घालून बसला, सावकाश खाऊ लागला. बायकोच्या उपम्याबद्दल इतक्या वर्षांत तो दर वेळी एकच वाक्य बोलत आला होता, आणि त्यावर ती दर वेळी चिडत आली होती. जणू काय दैवानंच जमतं, ती म्हणायची, माझं काहीच न्हाई!

त्यानं पत्रावळ पुसून घेतली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, मिशा पुसल्या.

"यंदाबी जमलं," तो म्हणाला.

जिवनानं चुलीतली राख पुढं ओढली. "जमतंय कायचं," ती म्हणाली, "करावं लागतं, बा."

ग्यानबानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग रिकामी पत्रावळ पुढं सरकवली.

"ऱ्हायला आसंल तर वाढ आनखी."